पिन बसते, पण वीज जुळते का?

प्रश्न: माझ्या घरात शेव्हर, ट्रिमर, इलेक्ट्रिक टूथब्रश आणि दोन ब्लूटूथ स्पीकर आहेत. पाच वस्तूंचे पाच चार्जर, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. मोबाइलसारखा एकच का देत नाहीत? आणि पिन बसत असेल तर दुसरा लावायला काय हरकत आहे? (अमळनेर)

तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो, कारण वस्तू जळते ती तिथे. नुसती पिन बसली म्हणून दुसरा चार्जर लावू नका. भुसावळला माझं लहान उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान आहे, तेवीस वर्षं झाली. माझ्या टेबलावर येणाऱ्या मेलेल्या ट्रिमर आणि स्पीकरमध्ये "पिन बसली म्हणून लावला" हे कारण फार वेळा निघतं.

आता मूळ गोष्ट. आपण भिंतीच्या सॉकेटमध्ये जे खोचतो त्याला चार्जर म्हणतो, पण बहुतेक वेळा तो चार्जर नसतो. तो अ‍ॅडॉप्टर असतो, म्हणजे २३० व्होल्टचे ५ किंवा १२ व्होल्ट करून देणारा डबा. बॅटरीत किती करंट सोडायचा आणि कधी थांबायचं हे जे सर्किट ठरवतं ते खरं चार्जर. मोबाइलमध्ये ते मोबाइलच्याच पोटात असतं. म्हणून घरातला कोणताही ठीकठाक यूएसबी अ‍ॅडॉप्टर मोबाइलला चालतो. त्याने फक्त वीज पुरवायची, बाकीचं मोबाइल बघून घेतो. तुमच्या पाच वस्तूंमध्ये हे सर्किट वेगवेगळ्या जागी बसवलेलं आहे. कुठे ते पूर्ण आत आहे, कुठे अर्धं आत आणि अर्धं भिंतीतल्या डब्यात, तर टूथब्रशमध्ये त्याचे दोन तुकडे असून मधे तारच नाही. पिना वेगळ्या का, हे यातून बरंचसं उलगडतं.

ट्रिमरपासून सुरू करतो, कारण त्यात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात यावल रोडवरचा एक सलूनवाला ट्रिमर घेऊन आला. "भाऊ, हाई चार्जच व्हत नही," म्हणाला. ट्रिमर जुन्या धाटणीचा होता, आत निकेल-मेटल हायड्राइडचे दोन सेल. स्क्रू काढून उघडला तर आत काय? दोन सेल, मोटर, स्विच, एक डायोड, एक रेझिस्टन्स आणि एक लाल एलईडी. आयसीची चिप नाही, चार्जिंग थांबवणारं काहीच नाही. रेझिस्टन्स काळा पडला होता, त्याच्याखालचा बोर्ड तपकिरी झाला होता आणि एका सेलच्या टोकाला पांढरी भुकटी जमली होती. ही भुकटी दिसली की सेल आतून फुटून रसायन बाहेर आलंय असं समजायचं.

त्याला विचारलं, कोणता अ‍ॅडॉप्टर लावला होता? मूळचा हरवला होता म्हणून जुन्या कॉर्डलेस फोनचा लावला. पिन अगदी घट्ट बसली. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं. ट्रिमरवर बारीक अक्षरात ४.५ व्होल्ट होतं, ते त्याने पाहिलंच नव्हतं.

आता हिशेब बघा. चार्ज होत असताना दोन सेलवर मिळून साधारण २.८ व्होल्ट असतात. डायोड ०.७ खातो. ४.५ व्होल्टमधून हे ३.५ गेले की रेझिस्टन्सच्या वाट्याला १ व्होल्ट उरतो. रेझिस्टन्स १० ओहमचा होता, म्हणजे करंट १०० मिलिअँपिअर. सेल ६०० मिलिअँपिअर-अवरचे. काही वीज उष्णतेत जाते हे धरलं तर आठ तासांत ते भरतात आणि खोक्यावर आठ तासच लिहिलेलं होतं. हा करंट इतका मंद असतो की रात्री काढायला विसरलात तरी सेल थोडे कोमट होतात, लगेच फुटत नाहीत. कंपनीने चार्जिंग थांबवण्याची सोय केलीच नव्हती, कारण इतक्या मंद करंटला ती फारशी लागत नाही.

तिथे ९ व्होल्ट लावले की रेझिस्टन्सवर ५.५ व्होल्ट येतात आणि करंट होतो ५५० मिलिअँपिअर. साडेपाच पट. सेल तासा-सव्वातासात भरतात आणि भरल्यावरही तोच करंट आत जात राहतो, थांबवणारं कोणी नसतं. पाव वॉटच्या त्या बिचाऱ्या रेझिस्टन्सवर तीन वॉटची उष्णता होते. सलूनवाल्याला पंधरा मिनिटांत मूठ गरम लागली होती आणि वासही आला होता, पण त्याला वाटलं उन्हाळा आहे.

म्हणजे या ट्रिमरमध्ये अ‍ॅडॉप्टरचे ४.५ व्होल्ट हा चार्जिंग सर्किटचाच एक भाग होता. डिझाइन करणाऱ्याने करंटचा हिशेब त्या आकड्यावर बसवला होता. असा अर्धा चार्जर वस्तूच्या बाहेर असला तर त्याच्या जागी भलताच डबा लागू नये म्हणून पिनही वेगळी देतात. ग्राहकाला ती अडवणूक वाटते, पण या प्रकारात ती पिन कुलपासारखी काम करते. कॉर्डलेसची पिन नेमकी त्यात बसली, हे त्या सलूनवाल्याचं दुर्दैव.

तुमचा ट्रिमर गेल्या काही वर्षांतला असेल तर त्यात बहुधा एकच लिथियम सेल असेल. लिथियमला असा मोकळा करंट देताच येत नाही, ४.२ व्होल्टला थांबवावंच लागतं, म्हणून आयसी आत येतो. आयसी आत आला की बाहेरच्या डब्याने फक्त ५ व्होल्ट द्यायचे, आणि मग कंपनीला यूएसबी देता येतं. नवीन ट्रिमर यूएसबीवर आले त्यामागे हे मोठं कारण आहे: सेल बदलला, त्याबरोबर चार्जर वस्तूच्या पोटात गेला.

मग शेव्हर अजून वेगळा का? तिथे पाणी मधे येतं. शेव्हर नळाखाली धुतात, काहीजण अंघोळीत वापरतात. वायर लावलेली असताना तो ओल्या हातात आला तर धोका, म्हणून त्याचा अ‍ॅडॉप्टर कमी व्होल्टचा आणि २३० व्होल्टपासून चांगला अलग केलेला असावा लागतो. ओल्या दाढीसाठी बनवलेले बरेच शेव्हर वायर लावली की चालूच होत नाहीत. लोक ते बिघाड समजून माझ्याकडे आणतात. दोन दांड्यांची ती विचित्र खाच रबरात बसवून पाणी अडवायला सोयीची असते, शिवाय तिच्यात सहसा दुसरं काही जात नाही. सुरक्षेची तपासणी होते तेव्हाही उपकरण आणि अ‍ॅडॉप्टर जोडीने तपासलेले असतात. "फक्त सोबतच्या अ‍ॅडॉप्टरनेच वापरा" असं लिहिलेलं असतं त्याचा आधार हा. यात धंद्याचा भाग नाही असं मी म्हणणार नाही. एकदा साचा तयार झाला की तीच पिन कंपनी वर्षानुवर्षं चालवते, आणि सुटा अ‍ॅडॉप्टर महाग विकला जातो हेही खरं. पण शेव्हरच्या बाबतीत मी गिऱ्हाइकाला मूळचाच, किंवा मागे लिहिलेला नंबर जुळवून आणलेला अ‍ॅडॉप्टर लावायला सांगतो. तिथे जुगाड नाही.

टूथब्रशकडे येऊ. मला स्वतःला यांतली सगळ्यात सुंदर रचना हीच वाटते. ब्रशच्या तळाला धातूचा एकही संपर्क बाहेर नसतो, फक्त एक खळगा. स्टँडवर छोटासा खुंट. खुंटाभोवती स्टँडच्या आत तारेचं एक वेटोळं आहे, ब्रशच्या तळात दुसरं. स्टँडमधलं सर्किट पहिल्या वेटोळ्यात सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट खेळवतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात वीज उमटते, ट्रान्सफॉर्मरमध्ये उमटते तशी. फक्त ट्रान्सफॉर्मर मधून कापून त्याची दोन अर्धी दोन प्लास्टिकच्या डब्यांत बंद केली आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? तुम्ही ब्रशला उघडं सॉकेट देऊन बघा. त्यात पाणी जाणार, टूथपेस्टचा फेस जाणार, थुंकीतले क्षार जाणार. अशा ओल्या पिनांवर ५ व्होल्ट आले की धातू झिजायला लागतो, हिरवट थर चढतो आणि काही महिन्यांत संपर्क तुटतो. यूएसबी सॉकेटवर रबरी झाकण असलेले स्वस्त ब्रश माझ्याकडे येतात तेव्हा नव्वद टक्के वेळा झाकणाच्या आतच हिरवळ असते. वेटोळ्याच्या पद्धतीत ब्रश पूर्ण बंद राहतो. त्याची किंमत म्हणजे वेग: अशा स्टँडमधून पलीकडे जेमतेम एखाद्या वॉटची वीज जाते, म्हणून पूर्ण चार्ज व्हायला बारा तास किंवा जास्त लागतात. ब्रश दिवसातून चार मिनिटं चालतो, तेव्हा त्याचं काही अडत नाही.

मोबाइलच्या वायरलेस पॅडवर ब्रश ठेवला तर चार्ज होईल का, असंही लोक विचारतात. नाही होणार. मोबाइलचा पॅड आधी विचारतो, वर कोण आहे? मोबाइलकडून ठरलेल्या भाषेत उत्तर आलं तरच वीज सोडतो. ब्रशला ती भाषा येत नाही. शिवाय त्याचं वेटोळं खुंटावर उभं राहण्यासाठी केलेलं, सपाट पॅडवर त्याची जुळणी होत नाही. दोन कंपन्यांचे स्टँडही म्हणूनच अदलाबदल होत नाहीत; खुंटाची जाडी जुळली तरी आतली वेटोळी जुळतीलच असं नाही.

स्टँड मेला की ब्रश मेला हे घरच्या घरी कळू शकतं. तांब्याच्या बारीक इनॅमल वायरचे बोटाभोवती पंचवीस-तीस वेढे द्या, दोन्ही टोकं खरवडून एका लाल एलईडीला जोडा आणि ते कडं स्टँडच्या खुंटात अडकवा. साध्या स्टँडवर एलईडी मंद उजळतो. उजळला तर स्टँड ठीक, बिघाड ब्रशमध्ये आहे. काही नव्या स्टँडना आधी ब्रशची चाहूल लागते, तिथे एलईडी उजळला नाही म्हणून स्टँड मेलाच असं धरू नका. आणि एक जपा: तिकडून अमेरिकेतून कोणी ब्रश आणला असेल तर स्टँडच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आपल्या सॉकेटला लावू नका. अ‍ॅडॉप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, पण बरेच स्टँड नुसत्या ११०-१३० व्होल्टचे असतात. आपल्या २३० वर ते एका झटक्यात जातात. जळगावच्या एका काकूंच्या मुलाने पाठवलेला ब्रश असाच पहिल्या दिवशी गेला. ब्रश चांगला होता, स्टँडचा कोळसा झाला.

आता स्पीकर, आणि तुमच्याकडे दोन आहेत म्हणून जरा सविस्तर.

छोट्या स्पीकरमध्ये एक लिथियम सेल असतो, साधारण ३.७ व्होल्टचा. एवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला पावणेदोन वॉटच्या आसपासच स्वच्छ आवाज निघतो. टेबलावर ऐकायला पुरतो. अंगणात ऐकू जायला हवं असेल तर व्होल्ट वाढवावे लागतात. १२ व्होल्ट दिले की तोच स्पीकर अठरा वॉटपर्यंत जातो. म्हणून मोठ्या स्पीकरमध्ये दोन किंवा तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. दोन सेलचा पॅक भरायला ८.४ व्होल्ट लागतात. यूएसबीचे ५ व्होल्ट त्यात कसे ओतणार? उतारावरून पाणी चढावर नेण्यासारखं आहे ते. आत व्होल्ट चढवणारं वेगळं सर्किट लागतं. ते टाळून १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि गोल पिन देणं वर्षानुवर्षं स्वस्त पडलं. स्पीकरच्या गोल पिनेचं कारण एवढंच.

आणि इथेच घात होतो, कारण गोल पिन कुलपाचं काम करत नाही. बाहेरून साडेपाच मिलिमीटर, आतून २.१ मिलिमीटरची ती पिन ५ व्होल्टच्या डब्याला असते, ९ च्या असते, १२ च्या असते आणि वायफाय राउटरलाही तीच असते. पाचोऱ्याहून एकजण ५ व्होल्टचा छोटा स्पीकर घेऊन आला होता, राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावलेला. आतला चार्जिंग आयसी ८ व्होल्टपर्यंत तग धरणारा. त्याच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडला होता. नशीब इतकंच की सेल आणि अँप्लिफायर वाचले. आयसी बदलून स्पीकर चालू झाला.

उलटी चूक अजून फसवी. हळदीला, भजनाला नेतात ते चाकांचे ट्रॉली स्पीकर घ्या. त्यातल्या पुष्कळांत १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते आणि सोबत १५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. तो हरवला की लोक म्हणतात, बॅटरी १२ ची, मग राउटरचा १२ चा लावू. पिन बसते, लाल दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं. पण ती बॅटरी पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या आसपास लागतात. बारावर ती कधीच भरत नाही, अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसत जातो आणि पाच-सहा महिन्यांत ती अर्धा तासही टिकत नाही. मग दोष कंपनीला लागतो. मीटर लावून बघायचं: रात्रभर चार्ज करून काढल्यावर तासाभराने १२.७ च्या आसपास दाखवलं तर भरली. १२.२ दाखवलं तर अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या, आणि तो बरोबर असेल तर मग बॅटरीवर.

टाइप-सी आलं म्हणजे हे सगळं मिटलं का? स्पीकरच्या बाबतीत बरंचसं. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलसोबत फिरत्या स्पीकरनाही टाइप-सी सक्तीचं झालं. त्या यादीत शेव्हर आणि टूथब्रश नाहीत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं आहे. पण दुकानात मला रोज दिसतं ते असं: ट्रिमरला टाइप-सीचं भोक आहे आणि तरी मोबाइलच्या नव्या चार्जरवर तो चार्ज होत नाही. गिऱ्हाईक म्हणतं ट्रिमर खराब, दुकानदार म्हणतो चार्जर खराब. दोन्ही चांगले असतात.

टाइप-सी भोकाचा चार्जर लगेच वीज सोडत नाही. समोरच्या वस्तूच्या सॉकेटमध्ये सीसी नावाच्या दोन पिना असतात. त्या प्रत्येकीवरून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टन्स जोडलेला सापडला, तरच चार्जर समजतो की इथे वीज हवी आहे. स्वस्त ट्रिमर बनवणारे हे दोन रेझिस्टन्स गाळतात. मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जर गप्प बसतो. तोच ट्रिमर चौकोनी भोकाच्या जुन्या चार्जरला जुन्या यूएसबीच्या केबलने लावा, लगेच दिवा लागेल, कारण जुनं भोक न विचारता ५ व्होल्ट देतं. म्हणून अशा ट्रिमरसोबत येणारी बोटभर लांब केबल टाकून देऊ नका. ज्याला सोल्डरिंग येतं त्याने ते दोन रेझिस्टन्स लावले की काम होतं, मात्र काही सॉकेटना सीसीच्या पिनाच दिलेल्या नसतात, तिथे इलाज चालत नाही.

याच कारणाने एक भीती मात्र काढून टाका. ६५ वॉटचा चार्जर लावला तर ट्रिमर जळेल असं नाही. चांगला चार्जर समोरून मागणी आल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही, आणि वॉट ही त्याची ताकद आहे; किती घ्यायचं ते ट्रिमरचं सर्किट ठरवतं. हाच नियम गोल पिनेलाही लावा: व्होल्ट बरोबर हवेत, अँपिअर लिहिलेल्याइतके किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. गोल पिनेत आणखी एक बघायचं, आतली पिन प्लस आहे की मायनस. अ‍ॅडॉप्टरवर दोन वर्तुळांची खूण असते, मधल्या ठिपक्याला जोडलेल्या रेघेच्या टोकाला जे चिन्ह असेल ते आतल्या पिनेचं. ते वस्तूवरच्या खुणेशी जुळलं पाहिजे.

तेव्हा तुमच्या घरात पाचाचे किती होतील? ट्रिमरला आणि छोट्या स्पीकरला यूएसबी किंवा टाइप-सी असेल तर ते दोन आजच मोबाइलच्या अ‍ॅडॉप्टरवर आणा, ट्रिमरसाठी जुन्या यूएसबीची केबल ठेवून. शेव्हर आणि ब्रशचे वेगळेच राहू द्या. पण ब्रश नवीन घ्याल तेव्हा स्टँडच्या वायरला यूएसबीचं टोक असलेला मिळतो, तो घ्या. खुंट कंपनीचाच राहतो, भिंतीकडची बाजू तरी एक होते. एखादा स्पीकर मोठा असेल तर त्याचा डबा मात्र त्याच्याच सोबत बांधून ठेवा आणि डब्यावर पांढऱ्या पेनने "स्पीकर, १२ व्होल्ट" किंवा जे असेल ते लिहा. राउटरच्या डब्यावर "राउटर" लिहा. घरात गोंधळ या दोघांचाच होतो.

आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी स्पीकर चार्ज होत नसेल तर उघडू नका. ४५ अंशांच्या वर बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांचं सर्किट स्वतःहून चार्जिंग थांबवतं. संध्याकाळी लावून बघा.

तुमच्या दोन स्पीकरवर काय लिहिलंय ते तुम्ही सांगितलं नाही. त्यांच्या तळाचा आणि अ‍ॅडॉप्टरवरच्या छापील अक्षरांचा फोटो टाका, म्हणजे त्यांना काय चालेल ते नक्की सांगता येईल.